बॅचचं नाव: बहुमताने ठरवायचं की नकार मोजायचे?

वर्गप्रतिनिधी: शाळेचं शेवटचं वर्ष. टी-शर्टवर पुढे बॅचचं नाव, पाठीवर घोषवाक्य आणि सगळ्यांची नावं. ४० जणांत ‘शेवटचा बाक’ला २३ मतं, ‘शेवटची घंटा’ला १७. घोषवाक्य ‘अभ्यास सोडून सगळं केलं’. छापायला टाकू का?

शाईवाला: थांबा. मतं आवडीची घेतलीत, नकाराची नाही. पुन्हा चिठ्ठ्या काढा, नाव न लिहिता. आवडतील तेवढ्या नावांवर खूण करायची आणि जे अंगावर घालणारच नाही त्यावर फुली. २३ आवडी आणि १० फुल्या असतील, तर १० शर्ट कपाटातच राहणार. मला १८ आवडी आणि एक फुली असलेलं नाव चालेल.

कट्टेकरी: म्हणजे एक रुसला की अख्खा वर्ग अडला? असं करत गेलात तर शेवटी ‘उंच भरारी’च उरतं. ते कुठल्याही वर्गाच्या पाठीवर चालेल!

शाईवाला: एका फुलीने बाद करू नकाच. तीन झाल्या तर कारण विचारा. पण ‘भरारी’बद्दल शंभर टक्के सहमत.

पहिल्या बाकावरची: मी वर्षभर मान मोडून अभ्यास केला. ‘अभ्यास सोडून’ मी का मिरवू? आणि जो नापास होईल, त्याच्या पाठीवर ते विनोद म्हणून वाचलं जाईल का?

कट्टेकरी: अगं, गंमत आहे ती. एवढं काय!

एक पालक: कापड सुती घ्या. पहिल्या धुण्यात आटतं, एक माप मोठं मागवा.

माजी बॅच: आम्ही एका सरांचं टोपणनाव छापायला दिलं होतं. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी अडवलं. मजकूर आधी दाखवा. आमच्या धाकट्या बॅचने शहाणपणा केला. त्यांच्या वर्गातलं घड्याळ कायम पुढे असायचं, म्हणून त्यांनी ‘पाच मिनिटं पुढे’ छापलं. बाहेरच्याला ऐट वाटते, वर्गाला खरं ठाऊक.

वर्गप्रतिनिधी: हे भारी आहे. आमच्याकडे न उघडणारी खिडकी आहे… बघतो. नावांची यादी मोबाइलवरून पाठवली तर चालेल ना?

शाईवाला: यादी पाठवा, पण नजर ठेवा. चुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की ‘प्रज्ञा’चा पाय मोडतो आणि ‘क्षितिजा’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. छापणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्याला कळतही नाही. त्याच्याकडून प्रत्यक्ष मापाचा कागद मागवा, प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करावी. मगच अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या आकृत्या, करायला सांगा, कारण त्यानंतर टाइप करून दुरुस्ती होत नाही. ४० नावं बारीक अक्षरांत कोंबली तर शाई पसरून अनुस्वार आणि मात्रा बुजतात. घोषवाक्य छोटं ठेवा, नावांना जागा मिळेल.

कट्टेकरी: सह्या ठीक. फुल्यांचं मात्र पटलेलं नाही. आमच्यातले तिघे ठरवून फुल्या मारतील, त्याचं काय?

पहिल्या बाकावरची: कारण सांगावं लागेल ना त्यांना.

कट्टेकरी: चिठ्ठीवर नाव नाही, मग विचारणार कोणाला?