बजेटमधला डॉलरचा दर

> बजेटमध्ये डॉलरचा दर कोणता धरायचा, आणि तो कुठे लिहायचा?

परदेशी देणगीदाराला द्यायच्या बजेटमध्ये दर पहिल्याच पानावर, तक्त्याच्या वर लिहा: उदाहरणार्थ, १ डॉलर = ८३ रुपये, कोणत्या तारखेचा, कुठून घेतला. त्याखाली आणखी एक ओळ हवीच, आणि बहुतेक जण तीच विसरतात: खर्चाचा अहवाल कोणत्या दराने देणार?

समजा, ५०,००० डॉलर मंजूर झाले. ८३ च्या दराने बजेट ४१,५०,००० रुपयांचं. पैसे दोन समान हप्त्यांत आले. बँकेने पहिल्याला ८४.५० दर दिला, दुसऱ्याला ८२. खात्यात प्रत्यक्ष जमा ४१,६२,५००, म्हणजे सरासरी ८३.२५. आता बजेटइतकाच खर्च करून ८३ नेच भागलंत, तर अहवालात ५०,००० डॉलर पूर्ण खर्च दिसतात, पण खात्यात १२,५०० रुपये उरलेले असतात. ऑडिटर नेमकं इथेच बोट ठेवतो. ८३.२५ ने भागलं की सुमारे १५० डॉलर शिल्लक दिसते आणि ताळा जुळतो.

म्हणून सरळ लिहा: ‘अहवाल बँकेने प्रत्यक्ष दिलेल्या दरांच्या भारित सरासरीने.’ बँकेचे जमा सल्ले, म्हणजे पैसे कोणत्या दराने जमा झाले ते दाखवणारे कागद, जपून ठेवा. रुपया वधारला तर तूट कोणत्या खर्चातून भागवायची, हेही देणगीदाराकडून आधीच लेखी घ्या. पगारांना हात लावणं सगळ्यात अवघड असतं.