सभेत मत मी दिलं, डिव्हिडंड मात्र आधीच्या मालकाला: हे बरोबर आहे का?

कोथरूडचा_नवखा: मे महिन्याच्या अखेरीस एका मोठ्या कंपनीचे 100 शेअर घेतले. कंपनीने शेअरमागे 8 रुपये अंतिम डिव्हिडंड सुचवला होता आणि मी घेतले तो दिवस नेमका रेकॉर्ड डेटचा, म्हणजे डिव्हिडंड कोणाला द्यायचा ती यादी पक्की होण्याचा, निघाला. जुलैत कंपनीच्या वार्षिक सभेसाठी ई-व्होटिंगची मेल आली, मी डिव्हिडंडच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. ठराव मंजूर झाला, पण मला छदामही मिळाला नाही. डिव्हिडंड जाहीर होतो तो सभेत, आणि सभेच्या दिवशी मालक मी होतो. म्हणून माझं मत असं की रेकॉर्ड डेट सभेनंतरच ठेवायला हवी. आत्ता चाललंय तो अन्याय आहे.

बाजारबुणगा: अहो, नियमच आहे, दोन दिवस आधी घ्यावे लागतात. एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून घेणाऱ्याला डिव्हिडंड मिळत नाही ती तारीख, रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी असते. आणि एक्स-डेटला एक्सचेंज स्वतःच भाव डिव्हिडंडएवढा खाली आणतं, त्यामुळे तुमचं नुकसान काहीच नाही. विषय संपला.

जुना_सबब्रोकर: विषय सुरू तरी होऊ द्या! दोन दिवसांचं गणित T+2 च्या काळातलं, तेव्हा घेतलेले शेअर खात्यात यायला दोन दिवस लागायचे. 27 जानेवारी 2023 पासून सगळे शेअर T+1 वर आले, म्हणजे दुसऱ्याच दिवशी खात्यात यायला लागले, तेव्हापासून एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट सहसा एकाच दिवशी येतात. आणि भाव एक्सचेंज खाली आणत नाही. बोनस किंवा स्प्लिट असेल तर मूळ भाव बदलून देतं, साध्या डिव्हिडंडला कालचा बंद भाव तसाच राहतो. भाव उतरतो तो घेणारे कमी देतात म्हणून.

नवखे साहेब, सगळ्यांसमोर घडलेलं एक उदाहरण घ्या. आयटीसीचा 7.85 रुपयांचा अंतिम डिव्हिडंड, रेकॉर्ड डेट बुधवार, 28 मे 2025. मंगळवारी ज्याने घेतले त्याच्या डीमॅटमध्ये शेअर बुधवारी आले. बुधवारचा दिवस संपताना खात्यात कोणाचे किती शेअर आहेत, ती यादी डीमॅट खाती सांभाळणारी डिपॉझिटरी कंपनीला देते. त्यात त्याचं नाव आलं. बुधवारी ज्याने घेतले त्याचे शेअर गुरुवारी येणार, म्हणजे तो यादीबाहेर. आणि बुधवारी ज्याने विकले त्याचे शेअर त्या रात्री त्याच्याच खात्यात अडकवून ठेवलेले असतात, गुरुवारी जातात. म्हणून बुधवारी विकूनही डिव्हिडंड त्याचाच.

गंमत अशी की त्याच बुधवारी ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोने आयटीसीतला साधारण अडीच टक्के हिस्सा ब्लॉक डीलमध्ये, म्हणजे एकगठ्ठा सौद्यात, विकला. 31 कोटींहून जास्त शेअर. त्यांच्यावरचा डिव्हिडंड हिशेबाने 245 कोटींच्या घरात जातो, आणि तो विकणाऱ्याकडेच राहतो. घेणारे मोठमोठे फंड होते. त्यांनी कुरकुर केली नाही, कारण आपण डिव्हिडंडविना शेअर घेतोय हे भाव ठरवतानाच त्यांना ठाऊक होतं. तुम्हीही तसाच उतरलेल्या भावात घेतलात.

कोथरूडचा_नवखा: उतरलेला भाव म्हणताय, पण त्या बुधवारी आयटीसी तीनेक टक्के पडला होता आणि डिव्हिडंड दोन टक्क्यांच्याही आत होता. त्यातलं किती डिव्हिडंडमुळे आणि किती ब्लॉक डीलमुळे, हे कोण सांगणार? मला आठ रुपये स्वस्त मिळाला, हा तुमचा अंदाज झाला, पुरावा नाही.

जुना_सबब्रोकर: हे मान्य. एका दिवसाच्या भावावरून वेगळं काढता येत नाही. बाजार वर असेल तर एक्स-डेटला शेअर चढलेलाही पाहिलाय मी.

सांगलीची_सून: माझं पण असंच झालंय. सासऱ्यांच्या नावावर कागदी शेअर होते. ते गेल्यावर डिव्हिडंडचे वॉरंट जुन्या पत्त्यावर जात राहिले, आम्हाला पत्ताच नाही. सात वर्षं कोणी घेतला नाही म्हणून डिव्हिडंड तर गेलाच, मागोमाग शेअरही सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे कोणी न घेतलेले डिव्हिडंड आणि शेअर जिथे जमा होतात त्या निधीकडे, गेले. आता ते परत मिळवायला IEPF-5 फॉर्म भरतोय, त्यासाठी वारसाचे कागद गोळा करणं चाललंय. रेकॉर्ड डेटला आम्हीच मालक होतो ना?

जुना_सबब्रोकर: ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तरी मुळाशी गोष्ट तीच. डिव्हिडंड यादीतल्या नावाला जातो. घरात कागद कोणाच्या कपाटात आहेत, हे कंपनी बघत नाही. यादीत सासऱ्यांचं नाव होतं, म्हणून त्यांच्याच नावे निघत राहिला. तुमचा हक्क बुडालेला नाही, दावा करता येतो, फक्त चपला झिजतात.

एफडीवाला_काका: मला नवख्याचं म्हणणं अर्धं पटतं. अंतरिम डिव्हिडंड संचालक मंडळच जाहीर करतं, तिथे प्रश्न नाही. पण अंतिम डिव्हिडंड सभा मंजूर करेपर्यंत कंपनीचं देणं होतच नाही. मग देणंच नसलेल्या पैशाचा मालक दोन महिने आधी ठरवायचा आणि मत देणारे वेगळेच, हा उलटा कारभार नाही का? ई-व्होटिंगची यादी सभेच्या जेमतेम आठवडाभर आधीची असते. म्हणजे ज्यांना मिळणार त्यातले कित्येक मत देऊ शकत नाहीत, आणि तुमच्यासारखे दुसऱ्याच्या डिव्हिडंडला मत देतात.

जुना_सबब्रोकर: काका, मताचा मुद्दा दिसायला मोठा आहे. मंडळाने सुचवलेला आकडा सभा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. तो कमी झाल्याचं किंवा फेटाळल्याचं मोठ्या कंपनीत माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि सभेनंतर रेकॉर्ड डेट ठेवली तरी कुणीतरी त्याच दिवशी घेणारच, तक्रार फक्त दोन महिने पुढे सरकेल.

एफडीवाला_काका: सरकेल, पण निदान मत आणि पैसा एकाच माणसाकडे राहायची शक्यता वाढेल. ते दोन महिने पैसा कंपनीकडे बिनव्याजी पडून असतो, हेही विसरू नका.

बाजारबुणगा: एवढं डोकं कशाला? आदल्या दिवशी घ्या, रेकॉर्ड डेटला विका, डिव्हिडंड खिशात. मी दोन-तीनदा केलंय.

जुना_सबब्रोकर: खिशात किती उरलं ते मोजलंत का? आयटीसीच्याच 100 शेअरचं धरा. डिव्हिडंड 785. तुम्ही तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून 245 करात गेले, उरले 540. भाव फक्त डिव्हिडंडएवढाच उतरला तरी विक्रीत 785 चा तोटा. तो भांडवली तोटा, डिव्हिडंडच्या उत्पन्नातून वजा होत नाही, दुसरा भांडवली नफा असला तरच उपयोगाचा. दलाली आणि एसटीटी म्हणजे सौद्यावरचा कर, हे वेगळे. दहा हजारांच्या आत आहे म्हणून टीडीएस कापला गेला नाही, यावरून कर नाही असं समजू नका.

बाजारबुणगा: टीडीएस नाही म्हणजे कर नाही असंच वाटत होतं 😅

कोथरूडचा_नवखा: भावाचं पटलं, मताचं नाही. काकांच्या बाजूने मी. एक विचारतो: पुढच्या वेळी रेकॉर्ड डेट सोमवारी असेल तर शुक्रवारी घेतले की झालं ना?

जुना_सबब्रोकर: एरवी हो, शुक्रवारचे शेअर सोमवारी येतात. पण मध्ये बँकेची सुट्टी असली तर गडबड होते. 1 एप्रिलला बाजार चालू असला तरी बँकांच्या वार्षिक हिशेबामुळे सेटलमेंट होत नाही, तेव्हा शेअर एक दिवस उशिरा येतात. अशा वेळी बोटं मोजू नका, एक्सचेंजने दिलेली एक्स-डेट बघा आणि तिच्या आदल्या ट्रेडिंगच्या दिवसापर्यंत घ्या.

सांगलीची_सून: आणि माझ्या फॉर्मचं कोणी सांगेल का? वारसाच्या दाखल्यावर सासूबाईंचं नाव एका अक्षराने वेगळं आलंय.