कुशीवर झोपणारे, कंबरदुखी आणि गादी: दुकानात नव्हे, घरी कशी ठरवलीत?

रातराणी

गेल्या दिवाळीत नवी गादी घेतली आणि पुढचे तीन महिने मी पहाटे चारला उठून बसत होते. आता बरीच सुटका झाली आहे. वाटेत जे कळलं ते लिहिते. तुमचे अनुभवही हवे आहेत, विशेषतः कुशीवर झोपणाऱ्यांचे.

माझं वय ४३, वजन ६१ किलो, खांदे रुंद, आणि झोप कायम डाव्या कुशीवर. कंबर सात-आठ वर्षं दुखते, तपासण्यांत काळजीचं काही निघालं नाही. 'कडक गादी घे' असं सासूबाईंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. दुकानात विक्रेत्याने मला पाठीवर झोपवलं, कंबरेखाली हात घालून बघायला सांगितलं. हात जेमतेम गेला. 'आधार बरोबर आहे ताई,' म्हणाले. पाच मिनिटांत सहा इंची कॉयरची 'ऑर्थो' गादी ठरली.

चूक तिथेच झाली. मी पाठीवर झोपतच नाही. कुशीवर वळलं की शरीराचं वजन खांदा आणि खुबा या दोन उंचवट्यांवर येतं आणि कंबर मधे अधांतरी राहते. गादी कडक असेल तर खांदा आत जात नाही. मला पहिल्या आठवड्यातच डाव्या खांद्यात ठणका आणि बोटांत मुंग्या सुरू झाल्या. रात्रभर कूस बदलायची, सकाळी कंबर होती तशीच.

नवीन गादी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून घरातल्या गोधड्यांवर प्रयोग केला. एक गोधडी दुहेरी घडी करून गादीभर पसरली आणि चार रात्री झोपले. एका रात्रीवरून काही ठरवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. मुंग्या कमी झाल्या, ठणका राहिला. मग दुसरी गोधडी तशीच घातली. पाचव्या सकाळी खांदा गप्प. हुरूप येऊन तिसरी घातली, तर दोन रात्रींत कंबर सकाळी आखडायला लागली आणि चहा होईपर्यंत सरळ उभं राहता येईना. म्हणजे माझी हद्द दुसऱ्या आणि तिसऱ्या गोधडीच्या मधे होती.

खात्री करायला नवऱ्याला फोटो काढायला लावला. मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यांवर टिकल्या लावल्या, घट्ट बनियन घालून कुशीवर पडले, आणि त्यांनी मागून, फोन गादीच्याच उंचीवर धरून फोटो काढला. नुसत्या गादीवर टिकल्यांची रेघ खांद्यापाशी वर चढलेली. दोन गोधड्यांवर जवळजवळ सरळ. तीनवर खुबा खाली गेलेला आणि रेघ झोळीसारखी. तो फोटो बघून मला जे समजलं ते कोणी सांगून समजलं नसतं.

शेवटी खालची गादी तीच ठेवली आणि वर दोन इंची लेटेक्सचा थर घेतला. मग एक नवीनच गोष्ट झाली, मान दुखायला लागली. खांदा आत जाऊ लागल्याने जुनी उशी उंच पडत होती. उशी उसवून दोन मुठी कापूस काढला, तेव्हा मान सुटली.

गादीवाला_नाशिक

ताई, तुम्ही गोधड्यांवर जे केलंत ते आमच्या कारखान्यात आम्ही थर बदलून करतो. माझ्या वडिलांचा पिंजाऱ्याचा धंदा होता, मी वीस वर्षं फोम कापतोय, तेव्हा दुकानातली गादी का फसवते ते सांगतो.

दुकानातल्या नमुन्यावर रोज पंधरा-वीस माणसं लोळतात. त्याचा वरचा थर मऊ पडलेला असतो. तुमच्या घरी येते ती कोरी, ताठ. दुसरं, मेमरी फोम थंडीत घट्ट होतो आणि उबेत मऊ. एसीत पाच मिनिटं झोपून जो कडकपणा कळतो तो मे महिन्यात घरी राहत नाही. तिसरं, खालचा पलंग. दुकानात सपाट फळ्यांवर ठेवतात, घरी प्लायवुड मधे वाकलेलं असतं.

लोक आणखी एका ठिकाणी गोंधळतात. 'चाळीस डेन्सिटी' म्हणजे कडक, असं समजतात. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा वेगळा, तो केमिकलच्या प्रमाणावर असतो. चाळीसचा फोम मऊही बनतो आणि दगडासारखाही. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द मी गादीच्या कापडावर छापून घेतो, दुसरेही घेतात. त्या शब्दावरून कडकपणा समजत नाही.

म्हणून गिऱ्हाइकाला मी वजन आणि कूस विचारतो. पन्नास किलोची मुलगी आणि नव्वद किलोचा माणूस एकाच गादीवर झोपले तर ती तिला कडक लागते आणि त्याला मऊ. कुशीवर झोपणाऱ्याला बहुतेक वेळा खाली घट्ट आणि वर दीड ते दोन इंच मऊ असं लागतं. शक्य असेल तर चेन असलेलं कव्हर घ्या, म्हणजे वरचा थर बदलता येतो.

आणि जुन्या गादीवर थर टाकण्याआधी एक काम करा. दोन कडांना सुतळी ताणून धरा आणि मधे पट्टीने खड्डा मोजा. एक इंचाहून जास्त भरला तर वर काहीही टाकू नका. वरचा थर त्याच खड्ड्यात बसतो आणि पैसे जातात.

सह्याद्रीकर

मला हे सगळं पटत नाही. मला २०१६ मध्ये कंबरेचा त्रास झाला. गादी काढून टाकली, जमिनीवर चटई आणि सतरंजी, दीड महिन्यात बरा झालो. आजही तसाच झोपतो. आपले आजोबा-पणजोबा कुठल्या फोमवर झोपत होते? मऊ गादी हेच दुखण्याचं मूळ आहे.

रातराणी

दादा, तुम्ही झोपता पाठीवर की कुशीवर?

सह्याद्रीकर

पाठीवर, गुडघ्याखाली उशी घेऊन. कुशीवर जमिनीवर झोपवत नाही, खुबा दुखतो.

फिजिओ_कोल्हापूर

तुमच्या दुसऱ्या वाक्यातच या धाग्याचं अर्धं उत्तर आलं, सर. पाठीवर झोपणाऱ्याला कडक पृष्ठभाग पुष्कळदा चालतो. आणि दीड महिन्यात कंबरेचे साधे झटके बहुतेकांचे तसेही उतरतात, त्यामुळे श्रेय सतरंजीचं किती ते सांगणं कठीण.

कडक गादीच चांगली, हा समज डॉक्टरांमध्येही होता. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला अभ्यास आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम-कडक गादी दिली, कोणाला कोणती ते सांगितलं नाही, आणि ९० दिवसांनी पाहिलं. मध्यम-कडकवाल्यांचं झोपेतलं दुखणं आणि रोजच्या कामातली अडचण जास्त कमी झाली. पण त्यातून 'कुशीवर झोपणाऱ्याने अमुक घ्यावी' असं उत्तर निघत नाही, तेवढं मी ताणणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी दुखण्याची जागा आणि वेळ लिहायला लावते. खांदा किंवा खुबा रात्री दुखून जाग येते आणि कूस बदलली की बरं वाटतं, तर वरचा थर कडक आहे. झोप लागते, पण सकाळी कंबर आखडलेली असते आणि तासाभरात सुटते, तर बहुधा खुबा खोल जातोय. रातराणी यांच्याकडे दोन्ही झालं, एकापाठोपाठ एक. दिवस चढेल तसं दुखणं वाढत असेल तर गादीला दोष देऊ नका, खुर्ची आणि काम बघा. पायात कळ उतरत असेल, पाऊल उचलताना जोर कमी वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा बदलला असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. हाताच्या मुंग्या दिवसाही राहत असतील तर मान तपासून घ्या.

तुळशीवृंदावन

आईसाठी विचारते. ती पाच महिने अंथरुणाला खिळून आहे, पाठीला लालसर चट्टे आलेत. तिला मध्यम-कडक चालेल का?

फिजिओ_कोल्हापूर

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना हवा आलटून-पालटून भरणारी एअर मॅट्रेस लागते आणि साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. लाल चट्टा बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. या धाग्यातली मापं त्यांना लावू नका.

बर्फातली_मैना

मी टोरंटोत राहते. ऑनलाइन मेमरी फोमची गादी घेतली, शंभर रात्री वापरून परत करायची सोय होती. जानेवारीत खोली रात्री १७ अंशांवर असायची. पडल्यावर पहिली वीस मिनिटं फळीवर झोपल्यासारखं वाटायचं, मग गादी हळूहळू बसायची. पण कूस बदलली की नवी जागा पुन्हा ताठ. मी रात्री आठ-दहा वेळा वळते, त्यामुळे ते फार जाणवलं.

वहीत रोज सकाळी दोनच आकडे लिहायचे: कंबर दहापैकी किती, खांदा दहापैकी किती. पहिले दहा दिवस वाईट होते, तेव्हा परत केली नाही, कारण शरीराला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पण चौथ्या आठवड्यातही खांदा सहाच्या खाली येईना, म्हणून ३८व्या दिवशी परत दिली. वही नसती तर 'होईल सवय' म्हणत शंभर रात्री उलटून गेल्या असत्या.

पुणेरी_पेन्शनर

परतीबद्दल एक गोष्ट जोडतो. आमची गादी परत न्यायला आलेल्या मुलाने चहाचा डाग दाखवून नकार दिला. अटींमध्ये बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून पाणी न शिरणारं आवरण घाला, पण पातळ आणि ताणलं जाणारं. जाड प्लास्टिकचं घातलंत तर गादीचा पोतच बदलतो आणि चाचणी खोटी ठरते. पॅकिंगही फेकू नका.

दोघांत_एक_गादी

मी ५४ किलो, कुशीवर. नवरा ९२, पाठीवर आणि घोरणारा. गादीवाले काका म्हणाले तसं आम्ही दोन वेगळ्या गाद्या घेतल्या, ३६ इंच रुंद, उंची सारखी. त्याची घट्ट, माझ्या गादीचा वरचा थर मऊ. दोघांच्याही कंबरा सुधारल्या. पण मधली फट काही केल्या जात नाही, आणि चार वर्षांचा मुलगा नेमका तिथेच झोपतो. कोणाकडे इलाज आहे का?

गादीवाला_नाशिक

दोन्ही गाद्यांना मिळून एकच चेनवालं कव्हर शिवून घ्या, वर एक इंचाचा सलग थर. फट जाईल, पण तो थर सलग असल्याने तुमच्या बाजूचा मऊपणा थोडा बदलेल. बाळाला मात्र भिंतीकडे सरकवलंत तर तेवढाही खर्च वाचेल.

मध्यरात्रीचा_चहा

मी कुशीवर झोपतो, पण पहाटे पाठीवर असतो. घड्याळातल्या नोंदीप्रमाणे अर्धी-अर्धी रात्र. कुशीला मऊ हवं, पाठीला घट्ट. मग थर किती?

रातराणी

माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घेते, तिने खुबा खाली वळत नाही आणि माझं पाठीवर जाणंही कमी झालं. तुम्ही आधी एका गोधडीने सुरुवात करा, चार रात्री, आणि टिकल्यांचे फोटो दोन्ही स्थितींत काढा. पाठीवरचा फोटो बाजूने काढावा लागेल, तिथे टिकल्या दिसणार नाहीत, म्हणून कंबरेखाली हात किती जातो तेच बघा. मोकळा जात असेल तर अजून एक घडी घालून बघा, अजिबात जात नसेल तर एक कमी करा. आठवड्याने इथे लिहा, मलाही जाणून घ्यायचं आहे.