दसऱ्याच्या शुभेच्छा आणि गप्प बसलेल्या पार्ट्या

पुठ्ठाबॉक्स_भोसरी : कोटेशन गेलं, सॅम्पल गेलं, मग पार्टी गप्प, अशा बऱ्याच इन्क्वायऱ्या पडून आहेत. दसऱ्याचा मेल टाकायचाय पण फॉरवर्ड वाटता कामा नये. कसा लिहू?

मेलमर्जवाली : मेल मर्ज लावा, प्रत्येकाचं नाव आपोआप येतं. वर मस्त ग्रीटिंग कार्ड, खाली लोगो. बीसीसी तेवढं टाळा.

खरेदी_खातं : बीसीसीचं बरोबर, बाकी नाही पटलं. नाव हल्ली सगळेच घालतात. आणि आमच्या आउटलुकला इमेज ब्लॉक असतात, कार्डाच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. शुभेच्छेच्या आडून ऑर्डर मागितली की मला तर रागच येतो, द्यायच्या तर नुसत्या शुभेच्छा द्या.

जुना_विक्रीवाला : नुसत्या शुभेच्छांना फार तर "सेम टू यू" येईल, पुढे काय? बोलणं जिथे तुटलं तिथूनच धरा. त्यांच्या शेवटच्या मेलवरच रिप्लाय करा म्हणजे आधीचं सगळं बोलणं खाली आयतं दिसतं, पण नव्या मेलच्या सब्जेक्टला हाताने "Re:" लावू नका, उघडलं की लगेच कळतं. लिहायचं एवढंच :

"साहेब, खंडेनवमीच्या पूजेची तयारी चालू असेल, तुम्हाला आणि शॉपफ्लोअरवरच्या सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. मार्चमध्ये पंपाच्या पाच प्लाय बॉक्सचं सॅम्पल दिलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की थप्पी लावली की खालच्या बॉक्सचे कोपरे दबतात. तो त्रास अजून होतोय का?"

बस. रेट नको, ब्रोशर नको. मोबाईलवर उभ्या उभ्या एका ओळीत उत्तर देता आलं पाहिजे. हाच मेल दुसऱ्या पार्टीला जसाच्या तसा जात असेल तर तो फॉरवर्डच, नाव कितीही बदला, म्हणून ज्यांचं बोलणं वहीत नोंदवलेलं आहे त्यांनाच पाठवा. आणि खंडेनवमीच्या तीन-चार दिवस आधी, दसऱ्याला इनबॉक्स कार्डांनी भरलेला असतो.

दुबईकर : आमच्याकडे अरब गिऱ्हाईक, दसरा कोणाला कळणार! ईदचा मेल शेड्यूल करून ठेवला, चंद्र दिसला नाही आणि शुभेच्छा एक दिवस आधीच गेल्या. तेव्हापासून चंद्राची घोषणा झाली की मगच हाताने पाठवते.

खरेदी_खातं : कोपऱ्याबद्दल विचारलं तर मी उत्तर देईन, मान्य. पण त्यात दसरा कशाला? हे जुलैतही विचारता आलं असतं.

जुना_विक्रीवाला : आलं असतं, पण इतके महिने गप्प बसून मध्येच मेल केला की "आज कशी आठवण झाली" असं वाटतं. सणाला ते अवघडलेपण राहत नाही.

खरेदी_खातं : ते तुमच्या बाजूने. मला मेल वाचताना सण आणि धंदा वेगळेच दिसतात.

पुठ्ठाबॉक्स_भोसरी : नोंदी आहेत वहीत. पण दोन कंपन्यांत तेव्हाचा माणूस सोडून गेलाय, नव्याला तोच जुना मेल पुढे पाठवू का?

खरेदी_खातं : नको, त्यात जुना रेट आहे, तो तोच धरून बसेल. आधी फोन करून ओळख करून घ्या.