प्रतिसाद: उंची आणि अकरा वर्षांचा मुलगा

> "मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आहे, त्याला काय सांगू?"

खरं तेच सांगा, आकड्यांसकट. आमचाही अकराचा आहे. तालमीतून आला आणि म्हणाला, "पप्पा, मी असाच राहणार काय?" दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, तिथंच त्याला उभा केला. गेल्या वर्षी १२७ सेंमी, आता १३२. म्हटलं, "वर्षात पाच वाढलास की रे! या वयात एवढं बरोबर आहे." मग दोघांनी हिशेब मांडला: माझी उंची १६५, आईची १५२, मुलगा म्हणून त्यात १३ मिळवायचे आणि निम्मं करायचं. आले १६५. हा अंदाजच, आठ-दहा सेंमी इकडंतिकडं होतं, हेही सांगितलं.

"मग तो सोहम एवढा उंच कसा?" त्याचं वयात येणं आधी सुरू झालंय. मुलांमध्ये ते नऊ ते चौदा या वयात कधीही सुरू होतं आणि उंचीची मोठी उडी त्यानंतरच येते. मीही दहावीनंतर वाढलो, आणि हे घराण्यात चालतं. यावर त्याचा चेहरा खुलला. नंतर खाशाबा जाधवांचा विषय निघाला. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकलं ते ५७ किलो गटात. "म्हंजे जोड वजनावर लावत्यात, उंचीवर न्हाई," हे त्यानंच काढलं.

तुम्हीही दर सहा महिन्यांनी अनवाणी उभा करून मोजा. वर्षात चार सेंमीही वाढ नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात.