मदत हवी आहे: साफसफाई केली तरी ओव्हिट्रॅपमध्ये अंडी वाढली, मोहीम फसली का?

गिरणाकाठ
मी जळगाव जिल्ह्यातल्या एका शहरात आरोग्यसेवक आहे. एका वॉर्डात 40 ओव्हिट्रॅप लावले, म्हणजे डासांनी अंडी घालावीत म्हणून ठेवलेले डबे. काळा डबा, निम्मं पाणी, आत खडबडीत लाकडी पट्टी. सातव्या दिवशी 16 डब्यांत एडिसची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, अंडी निघाली. मग टायर, करवंट्या, फुटके माठ उचलले, ट्रॉलीभर माल निघाला. पुढच्या फेरीत 22 डब्यांत अंडी! वरून विचारणा झालीय, धुवारणी करायची का. काय सांगू?

रावेरवाला
अंडी वाढली म्हणजे डास वाढले. धुवारणी करा.

केळीबाग
आमच्या गटारीत अळ्याच अळ्या आहेत. तिथे हे डबे चालतील का?

कीटकताई
केळीबाग, गटारीत बहुतेक क्युलेक्स हा दुसरा डास असतो, त्याचं काम वेगळं.

गिरणाकाठ भाऊ, एडिसची मादी सगळी अंडी एका जागी घालत नाही, थोडी थोडी बऱ्याच भांड्यांत वाटते. तुम्ही तिची भांडी उचललीत, म्हणून ती तुमच्या डब्यांकडे वळली असेल. डबा सांगतो की एडिस इथे आहे. किती आहे, ते त्यावरून ठरवू नका. आणि डबा सात दिवसांच्या आत उचलाच, नाहीतर त्यातूनच डास उडतील.

आता कोष मोजा, म्हणजे अळीनंतरची आणि डास होण्याआधीची अवस्था. अळ्या पुष्कळ मरतात, पण कोष झाला की बहुतेक वेळा डास होतोच. 50 घरं घ्या आणि कोणत्या भांड्यात किती कोष, घरात माणसं किती, ते लिहा. हौदावर सावली पडली की कोष बुडी मारतात, म्हणून जरा थांबून मग जाळी फिरवा, प्रत्येक हौदात सारख्याच वेळा. थोडे कोष बरणीत जाळीखाली ठेवा. डास निघाला की पायांवरचे पांढरे पट्टे बघा.

गिरणाकाठ
ताई, मोजले. 50 घरं, 240 माणसं, 192 कोष. त्यातले 150 फक्त 9 सिमेंटच्या हौदांत! बाकीचे ड्रम आणि रांजणांत.

कीटकताई
म्हणजे माणशी 0.8. हे जास्त की कमी, याचा एकच आकडा नाही, हवामान आणि लोकांची प्रतिकारशक्ती यांवर ते बदलतं. पण जागा सापडली. नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून हौद कोणी रिकामा करत नाही, बरोबर? पाणी आलं त्या दिवशी ब्रशने भिंती घासायला लावा, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी महिनोन्‌महिने तग धरतात. मग झाकण किंवा गप्पी मासे. अळ्या मारायचं औषध अ‍ॅबेट टाकलंत तर दुसऱ्या दिवशी कोष दिसले म्हणून घाबरू नका, ते खात नाहीत, त्यामुळे औषधाने मरत नाहीत. धुवारणीने उडणारेच मरतात, ती रुग्ण सापडलेल्या घरांभोवती ठेवा.

रावेरवाला
हे माहीत नव्हतं. पण धूर दिसला नाही तर लोक नगरसेवकाला फोन करतात, त्याचं काय?

गिरणाकाठ
तेही आहेच. आणि 9 पैकी 4 घरं तेच पाणी पितात, मासे नको म्हणतात. झाकणं कापडाची शिवून देऊन बघतो, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजून इथेच टाकतो.