मदत हवी आहे: ऑर्डरमधली एक डिश आलीच नाही, दुसरी चुकीची आली, रिफंड कसा मागू?

रातराणी: आत्ताच जेवण आलंय. तीन डिश मागवल्या होत्या, त्यातली एक बरोबर आहे, एकीच्या जागी भलतीच आलीय आणि डेझर्ट तर पिशवीतच नाही. अ‍ॅपच्या हेल्पमध्ये 'आयटम मिळाला नाही' आणि 'चुकीचा आयटम' असे दोन वेगळे पर्याय दिसतायत, मी कुठला निवडू? घरचे सगळे ताटकळलेत, प्लीज लवकर सांगा.

सुहास_क: डिलिव्हरीवाल्याला फोन करून परत बोलव, त्याच्याकडेच राहिलं असेल.

अबोली: सुहास, पिशवीचं सील शाबूत असेल तर त्याला आत काय आहे हे कळणारच नाही, बहुतेकदा पॅकिंग करतानाच राहून जातं. रातराणी, आधी चुकीची डिश खाऊ नकोस आणि पिशवीपण टाकू नकोस. सगळे डबे, पिशवी आणि बिलाचा कागद एकाच फोटोत घे, म्हणजे काय आलं नाही ते दिसेल, मग चुकीच्या डब्याचं झाकण उघडून एक जवळून फोटो काढ, झाकणावर स्टिकर असेल तर तोही यायला हवा. मग ऑर्डर हिस्ट्रीतून हीच ऑर्डर उघडून हेल्पमध्ये जा आणि 'मिळाला नाही'मध्ये फक्त डेझर्टवर टिक कर. चुकीच्या डिशची तक्रार त्याच ऑर्डरवर वेगळी टाक. दुसरी घेतली नाही तर चॅटमध्ये माणूस मागून त्यालाच दोन्ही सांग. पूर्ण ऑर्डरवर टिक केलीस तर बरोबर आलेली डिशपण त्यात येते आणि मग तपासणीत अडकतं.

भटक्या८८: माझं तर जेवण तासभर उशिरा आलं आणि थंडगार, त्याचे पैसे कोण देणार?

अबोली: भटक्या, ती उशिराची तक्रार झाली, तिचा पर्याय वेगळा असतो.

सुहास_क: रिफंड वॉलेटमध्येच घे, लगेच मिळतो.

अबोली: लगेच मिळतो हे खरं, पण तो त्याच अ‍ॅपवर वापरावा लागतो, बऱ्याचदा मुदत असते, आणि एकदा स्वीकारला की सहसा बँकेत वळवून मिळत नाही. ज्यातून पैसे भरले तिथे परत हवे असतील तर तोच पर्याय निवड, कार्डावर यायला काही दिवस लागतात. आणि कूपन लावलं असशील तर मेन्यूतला पूर्ण भाव येईल असं धरू नकोस, ऑर्डरवर २० टक्के सूट असेल तर त्या डिशचेही साधारण २० टक्के कमीच येतात.

रातराणी: थँक्यू अबोली! डेझर्टचे लगेच मंजूर झाले, बँकेचाच पर्याय घेतला. चुकीच्या डिशला मात्र 'रेस्टॉरंटकडे चौकशी सुरू' असं येतंय. डिलिव्हरी चार्जपण मागू का?

अबोली: मागून बघ, पण एकदोन आयटमसाठी तो बहुतेक देत नाहीत. चौकशी संपेपर्यंत चॅट बंद करू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव.

भटक्या८८: आणि माझ्या थंड जेवणाचा फोटो काढून काय दिसणार?